माफी कार्डाची की टॅकलची?

रेड कार्ड मिळालेल्या खेळाडूकडून माफीनामा लिहून घ्यायची पद्धत आपल्याकडच्या फुटबॉल क्लबांत आणि कॉलेजांच्या संघांत चांगली रुजली आहे. रविवारी मॅच झाली की सोमवारी मॅनेजर सांगतो, "कॅप्टनच्या नावानं लिहून आण, सगळ्यांची माफी माग, मग पुढचं बघू." पोरगं वहीचं पान फाडतं, 'प्रति, मा. कर्णधार' अशी सुरुवात करतं आणि शाळेत गैरहजेरीचा अर्ज लिहावा तसं आठ-दहा ओळींत मोकळं होतं. पानाचा फोटो ग्रुपवर पडतो, खाली हात जोडल्याच्या खुणा येतात, कुणीतरी "होतं रे भावा" म्हणतं आणि विषय मिटतो.

पत्र लिहून घेण्याला माझा विरोध नाही. एका जिल्हा लीगमधल्या संघाचं चिटणीसपद सांभाळताना अशी पत्रं मी स्वतः मागवली आहेत आणि फायलीला लावली आहेत. तक्रार आहे ती त्या पत्रांत माफी कशाची मागितली जाते याबद्दल. जवळपास प्रत्येक पत्र कार्डाची माफी मागतं. माझ्यामुळे संघ दहा जणांवर आला, माझ्यामुळे मॅच गेली, माझ्यामुळे पॉइंट गेले. ज्या टॅकलमुळे कार्ड निघालं तो टॅकल पत्रात कुठेच नसतो. असलाच तर 'जे झालं ते' या तीन शब्दांत असतो. आणि संघालाही तेवढंच हवं असतं, कारण संघाचा राग कार्डावरच असतो. रेफ्रीनं शिट्टी वाजवली नसती तर त्याच टॅकलबद्दल त्याच पोराच्या पाठीवर थाप पडली असती. म्हणून माझं म्हणणं असं, की कार्डाची माफी मागणारं पत्र घ्यायचंच असेल तर न घेतलेलं बरं. त्यातून पोरगं एवढंच शिकतं, की पुढच्या वेळी सापडायचं नाही.

आधी नियम काय म्हणतो ते बघू, कारण पत्रातली निम्मी वाक्यं नियम माहीत नसल्यामुळे येतात. फुटबॉलच्या नियमावलीतला बारावा नियम फाउलचा. त्यात अडवण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली निष्काळजीपणाची: लक्ष नव्हतं, अंदाज चुकला, पाय लागला. तिला फ्री किक पुरते, कार्ड नाही. दुसरी बेदरकारपणाची: समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता केलेली कृती. तिला पिवळं कार्ड. तिसरी पायरी गरजेपेक्षा जास्त जोर लावण्याची, समोरच्याची सुरक्षितता धोक्यात घालण्याची. तिला लाल कार्ड. म्हणजे दुसऱ्या पिवळ्यामुळे नव्हे, तर सरळ लाल कार्डावर जो बाहेर गेला तो 'जरा रफ' खेळलेला नसतो. रफ खेळाला पिवळंच असतं. तो त्याच्या पुढच्या पायरीवर गेलेला असतो.

या तिन्ही पायऱ्यांत हेतू कुठेही विचारलेला नाही. टॅकलच्या बाबतीत रेफ्रीला मनात शिरायचं नसतं. तो बघतो अंतर किती होतं, वेग किती होता, पाय जमिनीवर होता की हवेत, बुटाचे स्टड समोरच्याकडे वळलेले होते का, लागलं ते पायाच्या पंजाला की घोट्याला की नडगीला. बॉल आधी लागला का हेही निर्णायक नसतं. बॉल मिळवून मग नडगी मोडली तरी लाल कार्ड निघू शकतं. त्यामुळे "माझा हेतू तसा नव्हता" आणि "मी बॉललाच गेलो होतो" ही दोन वाक्यं, जी प्रत्येक माफीनाम्यात असतात, कुणी न केलेल्या आरोपाला दिलेली उत्तरं आहेत. त्याच्यावर हेतूचा आरोप नसतोच. आरोप असतो तो पर्वा न केल्याचा, आणि हेतू नव्हता असं सांगून तो आरोप खोडला जात नाही. उलट हेतू नव्हता म्हणजे विचारच केला नव्हता, हे त्यातून सिद्ध होतं.

आता एक जुनी मॅच. २३ फेब्रुवारी २००८, बर्मिंगहॅमचं सेंट अँड्र्यूज मैदान, बर्मिंगहॅम सिटी विरुद्ध आर्सेनल. तिसऱ्याच मिनिटाला बर्मिंगहॅमचा बचावपटू मार्टिन टेलर आर्सेनलच्या एदुआर्दोला अडवायला गेला. एदुआर्दो चेंडू घेऊन पुढे सटकला होता, टेलरचा पाय उशिरा पोहोचला आणि थेट त्याच्या नडगी-घोट्यावर पडला. पायाचं हाड मोडलं, घोटा निखळला. टेलरला लाल कार्ड मिळालं, पुढं तीन सामन्यांची बंदी आली. एदुआर्दो आर्सेनलच्या मुख्य संघात परतला तो जवळजवळ वर्षभरानं, फेब्रुवारी २००९मध्ये.

या मॅचचा निकाल मात्र फारसा कुणाच्या लक्षात नसतो. बर्मिंगहॅमनं जवळपास पूर्ण नव्वद मिनिटं दहा जणांनी खेळून २-२ अशी बरोबरी साधली, तीही शेवटच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीवर. आर्सेनल त्या वेळी लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. बर्मिंगहॅमच्या हिशेबानं तो एक पॉइंट म्हणजे कमाईच. आता आपल्याकडच्या पद्धतीनं टेलरनं कॅप्टनला पत्र लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? 'माझ्यामुळे मॅच गेली' म्हणायची सोय नव्हती, मॅच गेलीच नव्हती. संघाचं नुकसान धरायला गेलं तर फार थोडं होतं. तरी माफी मागण्यासारखं त्या दिवशी जे काही घडलं होतं ते एदुआर्दोच्या पायाला घडलं होतं. टेलर त्याला भेटायला रुग्णालयात गेला, ते याच कारणानं.

याच्या उलट्या टोकाला १९८२च्या वर्ल्ड कपची सेव्हिलमधली सेमीफायनल आहे. पश्चिम जर्मनीचा गोलकीपर शुमाखर धावत पुढं आला आणि फ्रान्सच्या बातिस्तोंवर हवेतून आदळला. बातिस्तों जागेवर बेशुद्ध पडला, त्याचे दात पडले, मणक्याला इजा झाली. रेफ्रीनं साधा फाउलसुद्धा दिला नाही. गोल किक देऊन खेळ सुरू केला. पुढं मॅच पेनल्टी शूटआउटवर गेली, त्यात शुमाखरनं दोन किक अडवल्या आणि जर्मनी फायनलला पोहोचलं. कार्ड नाही, फाउल नाही, पराभव नाही. त्याच्या संघाच्या वहीत त्याच्या नावावर जमाच जमा. दात पडल्याचं कळल्यावर एवढंच असेल तर त्यांचा खर्च देतो, असं तो म्हणाला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं फ्रान्समध्ये त्याचं नाव काढलं की लोकांचं डोकं फिरायचं. संघाचं नुकसान हीच माफीची मोजपट्टी धरली, तर शुमाखरला पत्र लिहायचं काही कारण नव्हतं.

मग संघाला आणि कॅप्टनला पत्र लिहायचंच कशाला, थेट जखमी खेळाडूलाच लिहावं, असं कुणी म्हणेल. त्याला तर लिहावंच, किंबहुना त्याच्याकडे जावं. पण संघाचंही एक देणं असतं आणि ते पॉइंटांपेक्षा बारीक असतं. ते कसलं, हे एका पत्रावरून सांगतो. ओळख पुसून सांगतो.

आमच्या लीगमधली मॅच. आमचा संघ एक-शून्यनं पुढे. दुसरा हाफ सुरू होऊन थोडा वेळ झालेला. आमच्या स्टॉपरनं मध्यरेषेजवळ पायातला बॉल घालवला. समोरच्या संघाचा विंगवरचा पोरगा तो घेऊन सुटला. स्टॉपर त्याच्या मागं धावला आणि पाच-सहा पावलांवरून दोन्ही पाय पुढं टाकून घसरला. बॉल तोवर पुढं गेला होता. स्टड घोट्यावर बसले. लाल कार्ड. त्या पोराचा घोटा मोडला. आम्ही ती मॅच एक-दोननं हरलो. दोन दिवसांनी हे पत्र आलं:

"प्रति कर्णधार आणि सर्व सहकारी, रविवारच्या मॅचमध्ये जे झालं त्याबद्दल मी सर्वांची मनापासून माफी मागतो. माझा हेतू तसा नव्हता. मी बॉललाच गेलो होतो पण तो मध्ये आला. रेफ्रीने आधी त्यांचे दोन फाउल सोडले होते, त्यामुळे माझं डोकं गरम झालं होतं. माझ्यामुळे दहा जणांत खेळावं लागलं आणि मॅच गेली. मी जे केलं ते संघासाठीच केलं. पुन्हा असं होणार नाही."

वाईट पत्र नाही हे. पोरगं प्रामाणिक आहे, त्याला वाईट वाटलेलं आहे. पण एकेक वाक्य हातात घेऊन बघा. 'जे झालं' म्हणजे आपोआप झालं. करणारा कुणी नाही. 'तो मध्ये आला' हे तर सपशेल उलटं, बॉल त्याच्या पायात होता, मध्ये गेला तो आमचा स्टॉपर. रेफ्रीनं दोन फाउल सोडले असतील, मीही ते पाहिले, पण त्या दोन्हींत या विंगरचा संबंध नव्हता. दुसऱ्यांच्या फाउलची वसुली याच्या घोट्यातून केली, असाच त्या वाक्याचा अर्थ होतो आणि तो लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेला नाही.

'संघासाठीच केलं' हे वाक्य सगळ्यांत जास्त टाळ्या घेतं आणि सगळ्यांत कमी खरं असतं. संघासाठी हल्ला थांबवायचा होता ना? मध्यरेषेपाशी, मागं आपले आणखी दोन बचावपटू उभे असताना, सुटलेल्या पोराचा शर्ट धरला असता तर पिवळं कार्ड मिळालं असतं, हल्ला थांबला असता, संघ अकराचाच राहिला असता आणि कुणाचं हाड मोडलं नसतं. शर्ट धरणं काही फार सभ्य काम नाही, मी त्याची शिफारस करत नाही. पण संघाचा हिशेब करून वागणारा खेळाडू तेच करतो. आमच्या स्टॉपरनं हिशेब केलाच नव्हता. त्याच्या पायातून बॉल गेला होता, तीनशे माणसांसमोर गेला होता, आणि ती लाज धुऊन काढायला तो घसरला. बहुतेक असे टॅकल आपणच घालवलेल्या बॉलसाठी होतात. बॉल दुसऱ्या कुणी घालवला असता तर तोच स्टॉपर शांतपणे मागं सरकला असता.

मी ते पत्र परत केलं. रागावून नाही. त्याला बसवलं आणि विचारलं, की कार्डाचं सोड, तू बॉल घालवल्यापासून घसरेपर्यंत काय काय झालं ते क्रमानं लिही. आणि तू बाहेर गेल्यावर कुणाला काय करावं लागलं तेही लिही. माहीत नसेल तर विचारून ये. चार दिवस लागले त्याला. दुसरं पत्र असं होतं, थोडं गाळून देतो:

"दादा, बॉल माझ्याकडून गेला होता. त्याच्यात आणि माझ्यात पाच-सहा पावलं होती आणि तो माझ्यापेक्षा फास्ट आहे हे मला पहिल्या हाफपासून माहीत होतं. पळून गाठता येणार नाही म्हणून मी घसरलो. घसरतानाच कळलं की बॉल मिळत नाही. पण दोन्ही पाय सुटल्यावर थांबता येत नाही. कार्ड बरोबर होतं. मी गेल्यावर तुला सेंटर फॉरवर्डला बाहेर घेऊन बचावाला माणूस घालावा लागला. त्याच्या घरचे त्या दिवशी पहिल्यांदा मॅच बघायला आले होते, हे मला त्याच्याकडून काल कळलं. त्याची माफी मी वेगळी मागितली. लेफ्ट बॅकला माझ्या जागी मध्ये खेळावं लागलं, दुसरा गोल त्याच्या अंगावरून झाला म्हणून सगळे त्याला बोलले. तो गोल माझा आहे. मी त्या पोराच्या घरी गेलो होतो. तो बोलला. त्याचा भाऊ बोलला नाही."

या पत्रात 'मनापासून' हा शब्द नाही. 'पुन्हा असं होणार नाही' हेही नाही. आणि तरी पहिल्या पत्रात नव्हतं ते सगळं यात आहे.

संघाचं देणं म्हणतात ते हे. रेड कार्डाची किंमत संघ नावाचं कुणी भरत नसतं, ती एकेक माणूस भरतो. स्टॉपर बाहेर गेला की कोच बहुतेक वेळा पुढचा एक माणूस काढतो आणि मागं एक घालतो. चार-चार-एक अशी मांडणी करून उरलेली मिनिटं ढकलतो. ज्याला काढलं त्यानं काहीही केलेलं नसतं. त्याची मॅच संपते, कारण दुसऱ्याचा पाय सुटला. उरलेल्या दोन हाफबॅकना तिघांचं मैदान धावावं लागतं आणि सत्तराव्या मिनिटापासून त्यांच्या पोटऱ्या आखडायला लागतात. नवीन जागी उभा केलेला पोरगा चुकतो आणि शिव्या खातो. 'माझ्यामुळे संघाला त्रास झाला' या वाक्यात यातलं काहीच दिसत नाही, कारण त्यात माणसंच नाहीत. नावं घेऊन लिहिलं, की लिहिणाऱ्याला पहिल्यांदा कळतं आपण नक्की कुणाचं देणं लागतो.

मोठ्या खेळाडूंकडून शिकण्यासारखं यात थोडं आहे, सगळं नाही. २२ मार्च २०१५ला अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एका गोलनं मागं असताना स्टीव्हन जेरार्ड हाफटाइमनंतर बदली म्हणून उतरला आणि ३८ सेकंदांत बाहेर गेला. त्यानं अँडर एरेराच्या पायावर बूट दाबला होता; नेमकं सांगायचं तर तो टॅकल नव्हता, टॅकलचा राग होता. लिव्हरपूल १-२ हरलं. सामना संपल्यावर जेरार्ड कॅमेऱ्यासमोर आला आणि निर्णय बरोबर होता, मी सहकाऱ्यांना, व्यवस्थापकाला आणि पाठीराख्यांना तोंडघशी पाडलं, जबाबदारी माझी, अशा अर्थाचं थोडक्यात बोलला. रेफ्रीबद्दल अक्षर नाही, सबब नाही. कुठल्याही क्लबनं पोरांना दाखवावी अशी ती दोन मिनिटं आहेत. फक्त ती सामना संपल्यावरची दोन मिनिटं आहेत. तेवढ्या वेळात तेवढंच बोलता येतं. आपल्याकडच्या पोराला चार दिवस असतात आणि कॅमेरा नसतो. त्याच्याकडून जास्त मागायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू, जी माफीनामा मागणारे आम्ही लोक सोयीनं विसरतो. ज्या पोरानं दोन्ही पाय टाकले त्याला ते शिकवलं कुणी? कोल्हापुरासारख्या ठिकाणी संघ तालमीच्या आणि पेठेच्या नावानं खेळतात. मॅच अकरा जणांची राहत नाही, अख्ख्या गल्लीची होते. इतर जिल्ह्यांतही थोड्याफार फरकानं तेच. रेषेबाहेरून 'घुस', 'आडवा कर', 'सोडू नको' हे सतत चालू असतं, आणि ओरडणाऱ्यांत आमचे राखीव खेळाडू असतात, माजी खेळाडू असतात, कधी मॅनेजरही असतो. आमच्या याच स्टॉपरनं तीन आठवड्यांपूर्वी जवळपास तसाच टॅकल केला होता. त्या दिवशी बॉल मिळाला, समोरच्यानं वेळेत पाय उचलला, रेफ्रीनं खेळ चालू ठेवला आणि आमच्या बाकावरून शिट्ट्या आल्या. तेव्हा कुणी पत्र मागितलं नाही. दोन टॅकलमध्ये त्याच्या बाजूनं काही फरक नव्हता. फरक होता तो समोरच्याच्या नशिबाचा.

म्हणून हे पत्र एकतर्फी असता कामा नये. कॅप्टननं त्याला उत्तर दिलं पाहिजे, आणि लेखी दिलं पाहिजे. फुटबॉलच्या नियमावलीत कॅप्टनला कुठलाही खास दर्जा किंवा सवलत नाही. संघाच्या वागणुकीबद्दल काही अंशी जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकलेली आहे. बाराव्या नियमाची सजा पोरगं भोगत असेल, तर कॅप्टनच्या वाट्याच्या या वाक्याचं काय? त्यानं लिहावं की तीन आठवड्यांपूर्वी मी टाळी वाजवली होती. त्यानं लिहावं की तू बॉल घालवल्यावर मी तुझ्यावर ओरडलो आणि पुढच्या तीन सेकंदांत तू घसरलास. आमच्या कॅप्टननं काय लिहिलं ते मी सांगणार नाही, ते त्या दोघांतलं आहे. पण उत्तर गेलं, आणि ते देताना त्याला पत्र लिहिणाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

माझ्या या आग्रहावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो आमच्याच समितीतल्या एका वकील सदस्यानं घेतला. त्याचं म्हणणं, एवढं तपशिलात कबूल करून घेणं पोराच्या अंगाशी येईल. 'बॉल मिळत नाही हे कळलं होतं' असं लेखी हाती लागलं तर लीगची शिस्त समिती बंदी वाढवेल, समोरच्यांनी उद्या पोलिसांत तक्रार दिली तर हेच पान पुढं येईल. गोलमोल माफीनाम्यात निदान तो धोका नाही.

मुद्दा खोटा नाही. पण त्यातून निघतं ते एवढंच, की पत्र कुठं जावं याचा विचार करावा. गोलमोल लिहावं असं निघत नाही. कॅप्टन आणि सहकाऱ्यांना लिहिलेलं पत्र कॅप्टन आणि सहकाऱ्यांपाशीच राहावं. त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, क्लबच्या पानावर चढवायचा नाही, लीगला पाठवायच्या कागदांना जोडायचा नाही. आमच्याकडे ते ड्रेसिंग रूममध्ये वाचलं गेलं आणि लिहिणाऱ्याला परत दिलं. फायलीला लावायचा माझा जुना शिरस्ता मी तेव्हापासून बंद केला. क्लबला निर्णयावर अपील करायचं असेल तर ते आधी ठरवावं. कधीकधी अपील योग्यही असतं: २०१९मध्ये एव्हर्टनच्या आंद्रे गोमेसचा घोटा ज्या टॅकलनंतर मोडला, त्याबद्दल टॉटनहॅमच्या सोन ह्युंग-मिनला मिळालेलं लाल कार्ड नंतर रद्द झालं. दुखापत भयंकर होती म्हणून टॅकलही तेवढाच भयंकर होता असं धरता येत नाही, हे त्यातून दिसलं. पण अपिलात 'टॅकल साधा होता' आणि पत्रात 'कार्ड बरोबर होतं', अशी दोन तोंडं पोराला द्यायची नाहीत. त्याला जे खरं वाटतं ते आधी विचारावं, अपिलाचं मग.

आणखी एक गोष्ट मी या प्रकरणानंतर हट्टानं वेगळी काढली: पत्र आणि निवड. 'पत्र दे, मग संघात घेऊ' असं म्हटलं की पत्र तिकीट होतं, आणि तिकिटावर कुणी खरं लिहीत नाही. बंदी किती मॅचची ते लीग ठरवते. ती संपल्यावर खेळवायचं की नाही ते सरावातला खेळ बघून कोचनं ठरवावं. दोन्हींत पत्राला जागा नको. आमच्या काहींना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते धाक राहत नाही. मला विचाराल तर धाक राहतो तो टॅकलचा राहत नाही, पत्र लिहावं लागण्याचा राहतो.

समोरच्या पोराचं राहिलं. तो पार्सल पोहोचवायचं काम करतो, दुचाकीवर. घोटा प्लास्टरमध्ये असेपर्यंत कमाई बंद. आपल्याकडच्या छोट्या लीगमध्ये खेळाडूंचा विमा सहसा नसतो. स्पर्धेच्या खर्चात मंडप असतो, स्पीकर असतो, चषक असतो. समितीत मी विषय काढला की दोन्ही क्लबांनी मिळून त्याच्या औषधपाण्याचा भार उचलावा. तेव्हा पहिला प्रश्न आला तो "आपण दिलं म्हणजे चूक मान्य केली असं होईल का?" हाच. पोराकडून चूक मान्य केल्याचं पान हातानं लिहून घेणारी समिती ती हीच. वर्गणी अखेर निघाली, थोडी निघाली, आणि कॅप्टनच ती घेऊन गेला.

स्टॉपरची बंदी तीन मॅचची होती. त्या काळात सरावाला त्याला कोचनं एकच काम दिलं: समोरचा बॉल घेऊन येतोय, मागं साथ नाही, आणि घसरायचं नाही. अंग अर्धं वळवून, गुडघ्यात वाकून, हातभर अंतर ठेवून मागं मागं सरकत राहायचं, त्याला रेषेकडे ढकलायचं, मागचे दोघं येईपर्यंत वेळ काढायचा. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी तो जवळजवळ प्रत्येक वेळी पाय टाकत होता. आमच्या संघात येऊन त्याला पाच वर्षं झाली होती आणि हे त्याला कुणी बसवून शिकवलेलं नव्हतं.